दाबमुक्त, दोनदा

ऑफिसात सगळे तिला टाचणी म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. न टोचणारी टाचणी कुणाच्या काय कामाची?

टायरच्या दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या, तीन संगणक आणि एक कुरकुरणारा पंखा, एवढीच ती अनुवादाची कचेरी. बाकीचे भाषांतर करायचे आणि ही शेवटचं वाचन करायची. म्हणजे पुढे लोक पेरत जाणार आणि मागून ही खडे वेचत येणार. या कामात कौतुक नाही. पुस्तक बरोबर निघालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि चुकलं तर सगळ्यांना एकच नाव आठवतं.

या वेळचं पुस्तक होतं एका जर्मन यंत्राचं. जाड पत्रा दाबून त्याला आकार देणारा घराएवढा उंच प्रेस, आणि त्याच्याबरोबर आलेली सहाशे पानं. चालवायचा कसा, पुसायचा कसा, गाळणी कधी बदलायची, हात कुठे घालायचा आणि कुठे अजिबात घालायचा नाही. ज्या कारखान्यात तो बसवला होता तिथल्या कामगारांना जर्मन येत नाही, म्हणून हे पुस्तक आपल्या भाषेत हवं होतं. सोमवारी त्यांचं प्रशिक्षण सुरू होणार होतं. शेवटच्या पानावर एक निवेदन होतं: ‘हा अनुवाद मूळ पुस्तकाशी ताडून पाहिला आहे.’ खाली सहीची रेघ. सही टाचणीची.

शुक्रवारी सकाळी छापण्याआधीची पानं तिच्या टेबलावर आली. मधले काही दिवस ती रजेवर होती. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ती गेली तेव्हा पुस्तक चांगल्या अवस्थेत होतं. आता सही करण्यापुरती चाळावीत म्हणून तिनं पानं उचलली आणि देखभालीच्या प्रकरणात अडकली.

‘गाळणी बदलण्याची कृती ७ मार्च २०१२ मध्ये पाहा.’

ती हसली. मोठ्यानं हसली.

“काय झालं ताई?” पलीकडच्या टेबलावरून इंजिनिअरनं विचारलं. हा खरोखरचा इंजिनिअर. कारखान्यातल्या शिफ्टला कंटाळून भाषांतराकडे आलेला. यंत्र कळायचं, पण मराठी लिहिताना प्रत्येक ओळीत तीन इंग्रजी शब्द घुसवायचा.

“तुझी गाळणी दोन हजार बारा साली बदलून झालीय. आता चिंता नको.”

तो उठून आला, वाचलं, आणि त्यालाही हसू फुटलं. जर्मन पुस्तकात तिथे होतं ‘७.३.१२’. सातवं प्रकरण, तिसरा भाग, बारावा मुद्दा. कुणीतरी संगणकाला सांगितलं होतं की टिंबांनी तोडलेले तीन आकडे दिसले की ती तारीख समज आणि महिन्याचं नाव घालून लिही. संगणक बिचारा हुकमाचा ताबेदार. त्यानं मुद्द्यांच्याही तारखा करून टाकल्या.

पुढचं पान उलटल्यावर मात्र तिचं हसू आटलं. ‘तपासणीची तारीख पडद्यावर अशी भरा: ५ नोव्हेंबर २०१९’. यंत्राचा पडदा फक्त आकडे आणि टिंबं घेतो: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. तिथे ‘नोव्हेंबर’ कुणी कुठून टाईप करायचा?

“हे कोणी केलं?”

इंजिनिअरनं काचेच्या दाराकडे नुसती मान हलवली.

दाराआड मालक बसायचे. त्यांना सगळे घाईसाहेब म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच पसरवलं होतं असा सगळ्यांचा संशय होता, कारण त्यांना त्यात कौतुक दिसायचं.

“मीच केलं,” ती आत जाऊन विचारताच घाईसाहेब म्हणाले. “तुम्ही रजेवर. ग्राहकाची तक्रार आली की तारखा तीन तऱ्हांच्या आहेत, अवतरणचिन्हं तीन तऱ्हांची. बसलो आणि एका दुपारी सगळं एकसारखं करून टाकलं. तुम्ही लोकांनी महिना लावला असता.”

तक्रार खोटी नव्हती, हे टाचणीला मान्य होतं. एकच पुस्तक तिघांनी वाटून घेतलं की तिघांच्या खोडी त्यात उतरतात. म्हणून तर तिनं पहिल्या आठवड्यात शब्दसूची केली होती: या जर्मन शब्दाला हाच शब्द, दुसरा नाही. एकानं ‘गाळणी’, दुसऱ्यानं ‘फिल्टर’ आणि तिसऱ्यानं ‘निस्यंदक’ लिहिलं तर कामगार तीन वेगळ्या वस्तू शोधत यंत्राभोवती प्रदक्षिणा घालेल.

“साहेब, आकड्यांची तपासणी लावली होती का? मुळातला आकडा आणि आपला आकडा जुळतो का, ते सॉफ्टवेअर स्वतः सांगतं.”

“बंद केली. हजारो चुका दाखवत होतं. मुळात इंग्रजी सात, आपला देवनागरी सात, त्याला दोन्ही वेगळे वाटतात. कोण बसणार तेवढं बघत?”

“आणि अवतरणचिन्हं?”

“सगळी एकच केली. छान, स्वच्छ.”

टाचणी आपल्या टेबलाशी परतली आणि जर्मन पुस्तकाचं पहिलंच प्रकरण उघडलं: ‘हे पुस्तक कसं वाचावं’. हे प्रकरण कुणी वाचत नाही. भाषांतर करणारेसुद्धा यंत्रासारखं करून टाकतात. पण लिहिणाऱ्यानं तिथे स्वच्छ सांगितलं होतं: दाबायचं बटण असेल तर त्याचं नाव ›टोकदार‹ चिन्हांत, आणि पडद्यावर उमटणारा संदेश असेल तर तो „वाकड्या“ चिन्हांत. दोन चिन्हांची दोन कामं. घाईसाहेबांनी दोघांना एकच सदरा घातला होता.

मग ती गाळणीच्या तक्त्याकडे वळली. तक्त्यात वाक्यं नसतात. जागा कमी म्हणून नुसती नावं असतात. जर्मन पुस्तकात चार ओळी होत्या. पहिलीत ›थांबा‹. दुसरीत ›दाबमुक्त‹. तिसरीत „दाबमुक्त“. चौथीत ‘गाळणीचं झाकण उघडा’.

तिच्या हातातल्या पानावर तीनच ओळी होत्या.

तिनं पुन्हा मोजल्या, बोट ठेवून. तीनच.

“इकडे ये,” तिनं इंजिनिअरला बोलावलं. “ही ओळ कुठे गेली?”

त्यानं बघितलं. “अगं, ती डबल होती. छपाईसाठी पानं लावताना दिसलं, ‘दाबमुक्त’ दोनदा आलंय. कॉपी-पेस्टची चूक वाटली. काढली मी.”

“आता हे जर्मन वाच. चिन्हांसकट.”

त्यानं वाचलं. यंत्रं कळणारा माणूस होता, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याचा रंग उतरला. बटण दाबलं म्हणजे दाब गेला असं होत नाही. तेलाचा दाब साठवणाऱ्या टाक्या हळूहळू रिकाम्या होतात, आणि त्या रिकाम्या झाल्या की मगच पडद्यावर संदेश येतो. तोवर थांबायचं. त्या गेलेल्या ओळीचा अर्थ एवढाच होता: थांब. ती ओळ नसेल तर माणूस बटण दाबेल, झाकण फिरवेल, आणि गरम तेलाची धार त्याच्या तोंडावर येईल.

“ताई, मी…”

“तुला दोन्हीकडे एकसारखी चिन्हं दिसली, तू काढलीस. मीही काढली असती.” ती जरा थांबली. “नसती काढली. पण रडायला वेळ नाही, सोमवारी रड.”

ती परत काचेच्या दाराआड गेली आणि खुर्चीवर न बसता सगळं सांगितलं. घाईसाहेबांनी ऐकलं, कपाळ चोळलं, घड्याळ बघितलं.

“ठीक आहे. ती एक ओळ घाला, तो मार्च महिना काढा, आणि सही करा. संध्याकाळी फाईल छापायला जाते.”

“एक ओळ मला सापडली. उरलेल्या सहाशे पानांत किती गेल्यात ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही.”

“अहो बाई, यंत्राजवळ शहाणी माणसं असतात. कोण पुस्तक वाचून झाकण उघडतो?”

“मग छापताय कशाला?”

घाईसाहेबांना हे लागलं. त्यांनी खुर्ची मागे रेटली. “हे बघा, सही तुमची नसेल तर दुसऱ्याची घेईन. मास्तर करतील.”

“विचारा मास्तरांना.”

मास्तर म्हणजे कचेरीतले ज्येष्ठ अनुवादक. टाचणीला जर्मन त्यांनीच शिकवलेलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी खुर्ची टोचायला लागली म्हणून इथे यायचे. ते दुसऱ्या खोलीतून सगळं ऐकत होते, कारण ती काच आवाज अडवत नव्हती. दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, मी न वाचलेल्या कागदावर सही करत नाही. लग्नाच्या वेळी एकदाच केली होती.”

इंजिनिअर खाली मान घालून हसला. घाईसाहेब हसले नाहीत.

टाचणीनं मग ती गोष्ट केली जी कचेरीत कुणी करत नसे. तिनं सरळ कारखान्यातल्या सुरक्षावाल्या बाईंना फोन लावला. घाईसाहेब समोर उभे होते. त्यांनी खुणेनं ‘स्पीकरवर, स्पीकरवर’ केलं, तिनं तसं केलं, आणि तिच्या आधी तेच बोलले. “मॅडम, एक छोटासा तांत्रिक बिघाड झालाय…”

“बिघाड नाही,” टाचणी म्हणाली. “आम्ही चुकलोय. चिन्हं एकसारखी करताना बटण आणि संदेश एक झाले आणि गाळणीच्या तक्त्यातली एक पायरी उडाली. अशा आणखी उडाल्या असतील. ही फाईल छापू नका.”

पलीकडून कोरडा आवाज आला. “कुठली पानं वापरू नयेत?”

“एकही वापरू नका.”

“सोमवारी माझे लोक येणार आहेत.”

“सोमवारी तुम्ही त्यांना यंत्र दाखवा, पुस्तक नको. मंगळवारी सकाळी मी सही केलेली फाईल देते.”

“आणि नाही दिलीत तर?”

“तर माझ्या सहीवर यापुढे कुणी विश्वास ठेवू नये.”

“मंगळवार सकाळ,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. आभार वगैरे काही नाही. टाचणीला ते बरं वाटलं. जिला खरंच काळजी असते ती गोड बोलत बसत नाही.

“मंगळवारी नाही झालं तर या कचेरीत तुमची खुर्ची नसेल,” घाईसाहेब म्हणाले.

“कुरकुरते तशीही,” ती म्हणाली आणि कामाला लागली.

आता प्रश्न होता दुरुस्ती कुठे करायची. सोपा रस्ता दिसत होता: लावलेल्या पानांवरच एकेक चूक शोधून बुजवत जायचं. इंजिनिअरला तेच हवं होतं, कारण पानं लावण्यात त्याचे चार दिवस गेले होते. टाचणीनं नाही म्हटलं.

“घाण पाण्यात कपडा पिळून स्वच्छ होत नाही. अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जर्मन वाक्यासमोर आपलं वाक्य आहे. तिथे अजून सगळ्या ओळी आहेत, तू पानांवरून काढलीस, तिथून नाही. दुरुस्ती तिथे. मग तिथून नवीन पुस्तक काढायचं आणि पानं पुन्हा लावायची.”

“पण साहेबांनी तारखा आणि चिन्हं तिथेच बदलली होती, आणि त्यानंतर मास्तरांनी तिथेच दोन दिवस सुधारणा केल्यात. जुनी प्रत उघडली तर त्यांचं काम जाईल.”

“म्हणून जुनी उघडायची नाही. हीच धुवायची.”

युक्ती साधी होती, फक्त कष्टाची. मूळ जर्मन वाक्यांना घाईसाहेबांचा हात लागला नव्हता. तिथली चिन्हं जागच्या जागी होती. तिनं सॉफ्टवेअरला अट घातली: ज्या जर्मन वाक्यात ›टोकदार‹ चिन्ह आहे तेवढीच वाक्यं दाखव. समोरच्या मराठीत बटणाच्या नावाला टोकदार चिन्हं परत. ती संपल्यावर „वाकडी“ चिन्हं असलेली वाक्यं, त्यांना आपली नेहमीची दुहेरी अवतरणं. आणि एकाच वाक्यात दोन्ही असतील तिथे हात जपून. ‘सगळं बदला’ हे बटण दाबायला तिनं सगळ्यांना बंदी केली.

“एकेक बघूनच?” इंजिनिअरनं विचारलं.

“एकेक बघूनच. तारखांचंही तसंच. तारीख असेल तर तारीख. मुद्द्याचा क्रमांक असेल तर क्रमांक. पडद्यावर भरायची असेल तर पडदा घेतो तशी. आणि कुठल्या नियमावलीच्या नावापुढे वर्ष-महिना असेल तर त्याला बोट लावायचं नाही, तो त्या नावाचा भाग आहे.”

“आणि आकडे?”

“सगळीकडे इंग्रजी. यंत्रावर, पडद्यावर, पाट्यांवर तेच आहेत. देवनागरीचा अभिमान मी घरी बाळगीन. आकडे इंग्रजी झाले की तपासणी पुन्हा लावता येईल आणि ती खोटी बोंब मारणार नाही. दशांशाची मात्र काळजी घे. जर्मन अडीचला दोन-स्वल्पविराम-पाच लिहितो आणि दीड हजारात टिंब घालतो. जसंच्या तसं ठेवलंस तर दीड हजाराचं दीड होईल.”

शनिवारी सकाळी ती डबा भरत असताना सासूबाई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून स्वयंपाकघरात आल्या. “सुट्टीच्या दिवशी कुठे?”

“स्वल्पविराम निवडायला, आई.”

“तांदूळ निवडताना तुला खडे दिसत नाहीत, आणि तिकडे टिंबं दिसतात.”

“तांदळाखाली सही करावी लागत नाही.”

“करायला लावायला हवी,” सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या डब्यावर आणखी एक पोळी ठेवली.

दोन दिवस मास्तरांसकट तिघं बसले. खाली टायरवाल्याचा हवेचा पंप धापा टाकत होता, वर तिघं वाक्यामागून वाक्य उलटत होते. उडालेल्या ओळी आणखी दोन निघाल्या, दोन्ही तशाच, बटण आणि संदेश एकाच नावाचे असलेल्या. प्रत्येक वेळी इंजिनिअर उठून बाहेर जिन्यात जाऊन यायचा. दुसऱ्यांदा टाचणी त्याच्यामागे गेली.

“मी शिफ्टवर होतो ना,” तो म्हणाला, “तेव्हा असंच पुस्तक होतं आमच्याकडे. आम्ही लिहिणाऱ्याला शिव्या द्यायचो. म्हणायचो, कोण गाढव बसलंय तिकडे.”

“आता कळलं कोण बसतं. चल, वर ये.”

रविवारी दुपारपर्यंत तारखा आणि चिन्हं मार्गी लागली. आकड्यांची तपासणी लावली, तर हजारो चुकांच्या जागी मूठभर निघाल्या, आणि त्या सगळ्या खऱ्या. राहिले शब्द. शब्दसूचीप्रमाणे तपासणी लावल्यावर सुरक्षेच्या प्रकरणात सॉफ्टवेअर लाल झालं. ते प्रकरण मास्तरांचं. दोन दिवसांच्या सुधारणेत त्यांनी सूचीतला शब्द काढून आपला घातला होता.

जर्मनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक नोट-हाल्ट: लाल बटण दाबलं की यंत्राची हालचाल थांबते, वीज राहू शकते. दुसरी नोट-आउस: त्यात वीजच तुटते. सूचीत टाचणीनं पहिल्याला ‘आणीबाणी थांबा’ आणि दुसऱ्याला ‘आणीबाणी वीजबंद’ दिलं होतं. मास्तरांनी दोन्हीकडे लिहिलं होतं ‘आपत्कालीन विराम’.

“सर,” ती त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, “हा शब्द काढावा लागेल.”

मास्तरांनी चष्मा वर केला. “का? ‘थांबा’ म्हणजे बस थांबते तो. ‘विराम’ कसा वजनदार आहे. भाषेला काही डौल हवा की नको?”

“यंत्रावर पाटी बसलीय सर, रिव्हेट ठोकून. त्यावर ‘आणीबाणी थांबा’ लिहिलंय. माणूस घाबरलेला असताना पुस्तकात ‘विराम’ वाचेल आणि यंत्रावर ‘विराम’ शोधत बसेल.”

“पाटीच बदलायला सांग.”

“सर.”

“मी तुला भाषा शिकवली. आता तू मला शब्द शिकवणार?”

“शब्द नाही शिकवत. दोन वस्तूंना एकच शब्द दिलात ते सांगते. त्या विरामानंतर वीज चालू आहे की बंद, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? तुमचा शब्द वाचून कुणी तार हातात धरली, तर मी काय करू? खाली सही माझी आहे.”

आवाज न वाढवता रागावणाऱ्या माणसांपैकी मास्तर होते. छत्री उचलली आणि जिना उतरून गेले. इंजिनिअर म्हणाला, “गेले.” टाचणी म्हणाली, “त्यांचं प्रकरण मी करते.” तिला वाईट वाटत होतं, पण हात थांबले नाहीत. प्रत्येक ‘विराम’ उघडून जर्मन बघायचं: हाल्ट की आउस? मग योग्य तो शब्द. पुन्हा पुढचा. ‘सगळं बदला’ इथेही चाललं नसतं, कारण एका शब्दामागे दोन वस्तू लपल्या होत्या.

सोमवारी सकाळी मास्तर आले तेव्हा पानं पुन्हा लावायचं काम चाललं होतं. ते आपल्या जागी बसले, सुरक्षेचं प्रकरण छापून मागवलं, जर्मन पुस्तक शेजारी उघडलं आणि लाल पेन घेऊन ओळीवर पट्टी ठेवत वाचायला लागले. दुपार कलली तरी वाचत होते. जेवले नाहीत. शेवटी कागद तिच्यासमोर ठेवले.

“एका ठिकाणी तू आउसला हाल्ट केलंस. चौथ्या पानावर.”

तिनं बघितलं. खरंच केलं होतं. विजेची पेटी उघडण्याआधीची पायरी होती ती.

“बाकी ठीक आहे,” मास्तर म्हणाले. मग जरा वेळानं, “माझा शब्द सुंदर होता.”

“होता सर.”

“यंत्राला सौंदर्य कळत नाही.”

“यंत्राला नाही कळत. पण ज्याचा हात आत असतो त्याला ‘थांबा’ कळतो.”

मास्तरांनी चौथ्या पानावर खूण करून कागद तिच्याकडे सरकवला. तिनं ते सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त केलं, पानावर नाही. मग पुन्हा तपासणी, मग पुन्हा पानं. नव्या पुस्तकातले सगळे तक्ते तिनं आणि इंजिनिअरनं समोरासमोर बसून वाचले. तो जर्मन ओळी मोजायचा, ती मराठी. “चार.” “चार.” “सहा.” “सहा.” घाईसाहेब दोनदा दारात येऊन उभे राहिले आणि दोन्ही वेळा घड्याळ बघून परत गेले.

गाळणीच्या तक्त्याशी आल्यावर इंजिनिअर मोजायचं सोडून वाचायला लागला. “थांबा, टोकदार. दाबमुक्त, टोकदार. दाबमुक्त, अवतरणात. झाकण उघडा.”

“चार,” टाचणी म्हणाली.

मंगळवारी सकाळी सुरक्षावाल्या बाईंचा माणूस फाईल घ्यायला येण्याआधी तिनं शेवटचं पान काढलं. ‘हा अनुवाद मूळ पुस्तकाशी ताडून पाहिला आहे.’ रेघेवर तिनं सही केली. मग पेन मास्तरांपुढे धरलं. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, आता आपण वाचलेलं आहे हे स्वतःला सांगितल्यासारखी मान हलवली, आणि तिच्या सहीखाली आपली केली. घाईसाहेब काचेआडून म्हणाले की निवेदनात एकाच सहीची जागा आहे.

“दुसरी रेघ मारली मी,” ती म्हणाली. “पुढच्या पुस्तकातही राहील.”